पाळी चुकली, किट निगेटिव्ह: या चुका टाळा

आमच्या लातूर भागात महालक्ष्म्या उठल्या की उपकेंद्रात एक गर्दी ठरलेली असते. सणासाठी पाळी लांबवायची गोळी घेतलेली असते आणि ती बंद करूनही पाळी येत नाही. गोळी थांबल्यावर बहुतेकींना दोन-तीन दिवसांत पाळी येते, कुणाला जरा उशीर होतो. त्यांना समजावणं सोपं असतं. घोळ होतो तो गोळी न घेतलेल्या बाईची पाळी चुकते तेव्हा.

औसा तालुक्यातल्या एका सत्तावीस वर्षांच्या बाईचंच बघा. पाळी दर 29 दिवसांनी, अगदी वेळेवर. 2 सप्टेंबरला पाळी आली. 12 तारखेला ताप भरला, तो आठवडाभर उतरला नाही. जेवण तुटलं, वजन चार किलो घटलं. 1 ऑक्टोबरला पाळी यायला हवी होती, ती आली नाही. 3 तारखेला आशाताईंकडून निश्चय किट घेतलं, निगेटिव्ह. 4 ला मेडिकलवरून दुसरं आणलं, 5 ला तिसरं. तिन्ही निगेटिव्ह. "ताई, काय होऊ लालंय काही कळंना," म्हणत ती आली.

तिची पहिली चूक म्हणजे नुसत्या पाळीच्या तारखेवरून हिशोब करणं. पाळी कधी येणार हे बीज कधी सुटलं त्यावर ठरतं. बीज सुटल्यावर साधारण चौदा दिवसांनी पाळी येते आणि हे अंतर फारसं हलत नाही. हलतो तो बीज सुटायच्या आधीचा काळ. मोठा ताप, घरातला ताण, अचानक घटलेलं वजन यांत मेंदू बीजकोशाला द्यायचा इशारा मागे ठेवतो. हिचं बीज 16-17 सप्टेंबरच्या सुमारास सुटायचं, पण नेमके तेच तापाचे दिवस. म्हणजे पाळी चुकली नव्हती, पुढं सरकली होती.

बीज उशिरा सुटलं तर गर्भही उशिरा राहणार, आणि किटला दिसणारं हार्मोन गर्भ रुजल्यावरच लघवीत उतरतं. त्याला बीज सुटल्यापासून आठवडा-दोन आठवडे लागतात. म्हणून 3, 4 आणि 5 तारखेची तिन्ही किटं मिळून एकाच किटाइतकी माहिती देत होती. भरवशाचा हिशोब शेवटच्या संबंधापासून करायचा. त्यानंतर 21 दिवस झाल्यावर सकाळच्या पहिल्या लघवीवर केलेली तपासणी निगेटिव्ह आली, तर गर्भ नाही असं धरायला हरकत नाही. तिचा शेवटचा संबंध 28 सप्टेंबरचा, म्हणून मी तिला 19 ऑक्टोबर सांगितली. तोवर पोटभर खा, म्हटलं.

किट वाचतानाही चुका होतात. तांबाभर पाणी पिऊन तपासलं तर लघवी पातळ होते. सांगितलेली वेळ उलटून गेल्यावर दिसलेली फिकट रेघ धरायची नाही. आणि C ची रेघच उमटली नाही तर ते किट बाद.

दुसरी चूक तिनं जवळजवळ केलीच होती. जाऊबाईंनी मेडिकलवरून "पाळी आणायच्या" पाच गोळ्या आणून ठेवल्या होत्या. या गोळ्या थांबवल्यावर रक्तस्राव होतो आणि बाईला वाटतं, झालं मोकळं. पण तो गोळीमुळं आलेला स्राव असतो. पाळी का थांबली होती ते तसंच राहतं आणि आमचा तारखांचा हिशोब मात्र विस्कटतो. त्याहून वाईट म्हणजे न विचारता गर्भ पाडायच्या गोळ्या घेणं. गर्भ नळीत असेल तर त्यांनी तो पडत नाही आणि नळी फुटायचा धोका तसाच राहतो. पपई-ओव्याचं मी बोलतच नाही.

वजनाचं कारण बायका स्वतःहून सांगत नाहीत. लातुरात क्लाससाठी राहणाऱ्या मुली मेसचा डबा अर्धा परत पाठवतात, पोलीस भरतीवाल्या पहाटे धावून वर उपाशी राहतात. दोघींनाही वाटतं, अशक्तपणा आहे, होईल नीट. उलटही घडतं. वजन वाढत जातं, हनुवटीवर केस येतात, पाळी दोन-दोन महिने लांबते. तिथं पीसीओएस आणि थायरॉईड तपासावं लागतं. आधी नियमित असलेली पाळी सलग तीन महिने आली नाही, किंवा बाळ अंगावर पीत नसताना छातीतून दूध येऊ लागलं, तर ताणाच्या नावावर ढकलू नका. डॉक्टर टीएसएच, प्रोलॅक्टिन आणि गरजेनुसार सोनोग्राफी करतात.

किट निगेटिव्ह असूनही ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखलं, चक्कर आली, खांद्याच्या टोकाला कळ गेली, तर तारखा मोजत बसायचं नाही. त्याच वेळी 108 ला फोन लावून दवाखाना गाठायचा, कारण गर्भ नळीत असला की लघवीची तपासणी कधीकधी चुकते.

औशाच्या त्या बाईला 14 ऑक्टोबरला पाळी आली. मागं चौदा दिवस मोजले तर 30 सप्टेंबर येतो, ताप उतरून अकरा दिवस झालेले. जाऊबाईंच्या गोळ्या तिनं पाकिटासकट माझ्या टेबलावर आणून ठेवल्या.