अंगठा उशिरा निघतो तेव्हा: पेटीवरून पियानोकडे येणाऱ्यांसाठी

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी गणपतीत आरतीला पेटी मीच वाजवायचे. त्यामुळे पियानो शिकायला घेतला तेव्हा वाटलं, पट्ट्या त्याच, बोटंही तीच. पांढरी एकपासून पांढऱ्या पट्ट्यांवर सरळ वर गेलं की सी मेजर, म्हणजे आपला बिलावलच. सुरांची अडचण कधीच आली नाही. मी अडकले ती अंगठ्यापाशी, आणि आठ महिने तिथेच होते.

अंगठा १ आणि करंगळी ५, हे तुम्हाला ठाऊक असेलच. सूर आठ आणि बोटं पाच, म्हणून उजवा हात वर जाताना सा रे ग ला १ २ ३ लागतात, मग अंगठा बोटांखालून म वर येतो आणि तिथून १ २ ३ ४ ५. उतरताना म वर अंगठा आला की ३ त्याच्यावरून ग वर जातं.

कागदावर एवढंच आहे. पण मी ग पूर्ण वाजेपर्यंत अंगठा सा जवळच ठेवत होते आणि मग एकदम आत फेकत होते. तो पोचावा म्हणून कोपर बाहेर जायचं, मनगट खचायचं आणि म दणकन वाजायचा. पेटीत आवाजाचा जोर भात्याच्या हवेवर असतो. पट्टी आपटली काय आणि हळू दाबली काय, सूर तितकाच मोठा. पियानोत पट्टी ज्या वेगाने खाली जाते त्यावर हातोडीचा वेग ठरतो, म्हणून अंगठ्याचा धक्का जसाच्या तसा ऐकू येतो. वर्षानुवर्षांच्या पेटीने माझ्या कानाला तो धक्का ऐकायची सवयच लावली नव्हती. शिकवणारेही “सूर बरोबर आहेत, आता वेग वाढवा” म्हणत राहिले. जो शिक्षक तुमच्या मनगटाकडे बघत नाही त्याच्याकडे वेग वाढवू नका, एवढं मी स्पष्ट सांगते.

उपाय असा. २ रे वर उतरलं की अंगठ्याने सा सोडून लगेच आत सरकायला लागायचं. ३ ग वर पडेल तेव्हा अंगठा म च्या पट्टीवर आधीच पोचलेला हवा, फक्त दाबायचा बाकी. खात्री करायची तर ग वर थांबा आणि खाली बघा. अंगठा अजून रे पाशी असेल तर तो उशिरा निघाला. मी तीनच सूर घेतले, रे ग म आणि परत म ग रे, म्हणजे २ ३ १ आणि १ ३ २. मेट्रोनोम ६० वर, एका ठोक्याला एक सूर, रोज दहा मिनिटं. मग फोनवर रेकॉर्ड करून डोळे मिटून ऐकायचं. अंगठा कुठे आला ते नुसत्या आवाजावरून ओळखता आलं, तर काम बाकी आहे. पण कीबोर्ड टच सेन्सिटिव्ह नसेल तर ही चाचणी व्यर्थ आहे, त्यावर सगळे सूर सारखेच वाजतात.

घाबरू नका. मला तीन आठवड्यांत फरक ऐकू आला, आणि एकदा कानाने धक्का पकडला की हात स्वतःच सावरतो.

बसणंही बदलावं लागतं. मी सुरुवातीला कीबोर्ड पेटीसारखा जमिनीवर घेऊन बसायचे आणि मनगट वाकडं राहायचं. खुर्ची अशी हवी की कोपर साधारण पट्ट्यांच्या उंचीला येईल. हात बाजूला सैल सोडा, बोटं आपोआप जितकी वळतात तितकीच वळलेली ठेवून पट्ट्यांवर आणा. अंगठा आडवा न ठेवता नखाच्या कडेने टेकू दे. हातावर नाणं ठेवून सराव करायचा सल्ला मला मुळीच पटत नाही. नाणं पडू नये म्हणून मनगट आखडतं, आणि आखडलेल्या मनगटाखालून अंगठा जाणार कसा? अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं तर त्या दिवशी थांबाच.

डावा हात वर जाताना ५ ४ ३ २ १ ने प पर्यंत जातो, मग ३ अंगठ्यावरून ध वर येतं, पुढे २ १. दोन्ही हात एकत्र वाजवताना ग आणि ध वर दोन्हीकडे ३ च येतं. तिथे नसेल, तर कुठेतरी बोट चुकलंय.

जी, डी, ए आणि ई मेजरला दोन्ही हातांची हीच बोटं चालतात. एफ मेजरला उजव्या हाताची बदलतात. पांढरी चारपासून सुरू केलं की चौथा सूर काळी पाच येतो, आणि अंगठा आखूड असल्याने काळीवर आणला तर अख्खा हात पुढे ढकलावा लागतो. म्हणून तिथे १ २ ३ ४, मग अंगठा पांढरी एकवर, आणि पुढे २ ३ ४. वरचा सा इथे करंगळीवर नाही, ४ वर संपतो. मी सी मेजरच्या सवयीने महिनाभर काळी पाचवर अंगठा घालत होते. आता एफ मेजर आधी दोन दिवस फक्त काळी पाच आणि पांढरी एक, ४ आणि १, एवढ्याच जोडीवर वाजवते, मग पूर्ण.