हेडिंगचा सराव: या चुका टाळा

फुटबॉलच्या उन्हाळी शिबिरात भुसावळला मी वर्षानुवर्षं तेच करत आलो. पोरांना रांगेत उभं करायचं आणि डोक्याने मारायला समोरून बॉल टाकत राहायचं. प्रत्येकाला दहा हेडर, आठवड्यातून तीन दिवस. एका शनिवारी तेरा वर्षांचा एक पोरगा रांगेतून बाजूला झाला आणि म्हणाला, “सर, डोकं दुखी ऱ्हायनं.” त्या दिवशी पहिल्यांदा हिशेब केला: आठवड्याला तीस हेडर, आणि मॅचमधले वेगळेच.

इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने 2020 साली घातलेली मर्यादा बघा. प्राथमिक शाळेच्या वयात सरावात हेडिंग अजिबात नाही. अंडर-12 ला महिन्यातून एकच सत्र, त्यात जास्तीत जास्त पाच हेडर. अंडर-13 ला आठवड्यातून एक सत्र, हेडर पाचच. अंडर-14 ते 16 ला दहा. तीस कुठे आणि पाच कुठे! आता वहीत प्रत्येकाच्या नावापुढे रेघा ओढतो. पाच झाल्या की तो पोरगा पासिंगला जातो, कितीही हट्ट केला तरी.

दुसरी चूक बॉलची. आपल्याकडे बॉल पंक्चरवाल्याकडे नेतात आणि तो टणटणीत होईपर्यंत हवा भरतो. नियमात हवेचा दाब 0.6 ते 1.1 वातावरण, म्हणजे साधारण 8.5 ते 15.6 पीएसआय चालतो. पोरांसाठी बॉलवर छापलेल्या मर्यादेतला खालचा आकडा धरा आणि गेज लावून बघा, अंगठ्याने दाबून नाही. त्यातही खानदेशातलं ऊन. सकाळी 25 अंशांना 8.6 भरलेला बॉल उन्हात पडून आतली हवा 50 अंशांपर्यंत तापली, तर दाब साडेदहाच्या पुढे जातो. म्हणून बॉल सावलीत ठेवा. चौदाच्या आतल्यांना चार नंबरचाच द्या, पाच नंबर जड पडतो.

तंत्र शिकवायला आधी फुगा किंवा स्पंजचा बॉल घ्या. पोरगा स्वतःच वर उडवेल आणि कपाळाने ढकलेल. बॉल केसांच्या रेषेखाली, कपाळाच्या सपाट भागावर लागायला हवा. डोळे उघडे, तोंड बंद, हनुवटी आत, मान ताठ, आणि जोर कमरेतून. जो डोळे मिटून वाट बघतो, त्याला बॉल टाळूवर आदळतो. असा दिसला की खऱ्या बॉलवरून लगेच परत फुग्यावर आणा. कपाळावर पट्टी किंवा हेडगार्ड घातलं म्हणून जास्त हेडर चालतील, हा समज मात्र सोडा. आत मेंदू हलायचा तो हलतोच.

आणि त्या पोराच्या बाबतीत मी केलेली चूक: पाणी पाजून पंधरा मिनिटांनी परत खेळायला सोडलं. मार लागल्यावर डोकेदुखी, गरगरणं, मळमळ, उजेड सहन न होणं किंवा विचारलेलं पुन्हापुन्हा विचारणं, यातलं एक जरी दिसलं तरी त्या दिवशी खेळ बंद. घरी फोन करा, डॉक्टरांना दाखवा. उलटी झाली, शुद्ध हरपली, झोप वाढत चालली किंवा डोकेदुखी वाढत गेली, तर थेट दवाखाना. घरी एकटा सायकलवर पाठवू नका.