लॉगिनचा संदेश एकच, पण वेळ वेगळा?

"या ईमेलचं खातं नाही" आणि "पासवर्ड चुकला" असे दोन वेगळे संदेश दिले, की ईमेलची यादी हातात असलेला कुणीही तुमच्याकडे कोणाकोणाची खाती आहेत ते तपासू शकतो. म्हणून दोन्ही वेळा "ईमेल किंवा पासवर्ड चुकीचा आहे" एवढंच दाखवा.

बहुतेक जण इथेच थांबतात, आणि तिथेच फसतात. खातं सापडलं नाही तर कोड लगेच परततो, समजा 10 मिलिसेकंदांत. सापडलं तर `bcrypt` पासवर्ड ताडायला 250 मिलिसेकंद घेतो. संदेश सारखा असला तरी हा फरक चुगली करतो. उपाय सोपा आहे: खातं नसेल तेव्हाही आधीच बनवून ठेवलेल्या एका खोट्या हॅशशी, त्याच कॉस्टने, पासवर्ड ताडा आणि मगच नकार द्या.

"पासवर्ड विसरलात?" इथे "या ईमेलचं खातं असेल, तर लिंक पाठवली आहे" म्हणा. मेल मात्र रांगेत टाका, उत्तर त्यासाठी थांबवू नका.

नोंदणीच्या फॉर्मवर "हा ईमेल आधीच वापरात आहे" असं लिहिलेलं मला आजही सर्रास दिसतं. तिथेही फक्त "तुमचा मेल तपासा" म्हणा. खातं आधीच आहे, हे त्या मेलमध्येच कळवा.