पीडीएफमधली आकृती इंकस्केपमध्ये बदलता येईल अशी कशी करावी

समजा, चाळीस पानांचा एक तांत्रिक अहवाल पीडीएफमध्ये आहे. बाराव्या पानावर पाण्याची टाकी, पंप, दोन व्हॉल्व्ह, त्यांना जोडणारे पाइप, प्रवाहाचे बाण आणि यंत्रणेची हद्द दाखवणारी तुटक रेषा अशी आकृती आहे. आपल्याला तिच्यात तिसरा व्हॉल्व्ह घालायचाय आणि पंधरा लेबलं मराठीत करायची आहेत. मूळ फाइल कुणाकडेच नाही. काम इंकस्केपमध्ये करायचंय, कारण ते फुकट आहे आणि पीडीएफ थेट उघडतं.

हात घालण्याआधी एक गोष्ट समजून घेतली, तर पुढे चिडचिड कमी होते. पीडीएफला ‘पंप’, ‘बाण’ किंवा ‘चौकट’ ठाऊकच नसते. त्यात असतात फक्त रेखाटण्याच्या आज्ञा. एका पाइपची रेषा फाइलमध्ये अशी दिसते:

```
0.5 w
72 600 m
180 600 l
S
```

म्हणजे जाडी अर्धा पॉइंट, या बिंदूवर जा, तिथून त्या बिंदूपर्यंत रेघ ओढ, आणि आता ती रंगव. एक पॉइंट म्हणजे इंचाचा 72 वा भाग. रेषेचं टोक पंपाला चिकटलेलं आहे, ही माहिती यात कुठेच नाही. त्यामुळे इंकस्केपमध्ये पंप सरकवला की पाइप जागच्या जागी राहणार. आपल्याला मिळतात रेघा. त्यांची आकृती आपणच पुन्हा बांधायची असते.

आधी पाहा, ती खरंच रेषांची आहे का

पान 800 टक्के मोठं करा. कडा धारदार राहिल्या तर रेषा आहेत, चौकोनी ठिपके दिसले तर चित्र आहे. लेबल माउसने निवडता येतं म्हणजे आकृती रेषांची, असं मात्र समजू नका. स्कॅन केलेल्या पानावर कधी ओसीआरचा, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून घातलेला, अदृश्य मजकूर पसरलेला असतो, तोही निवडला जातो. खात्रीसाठी पोपलर या पीडीएफ हाताळणाऱ्या साधनसंचातली ही आज्ञा टर्मिनलमध्ये चालवा:

```
pdfimages -list -f 12 -l 12 ahval.pdf
```

यादी रिकामी आली तर पानावर एकही चित्र नाही, म्हणजे आकृती रेषांचीच. एकच ओळ आली आणि तिथे रुंदी 2480, उंची 3508 असं काही दिसलं, तर ते 300 डीपीआयवर स्कॅन केलेलं ए-4 पान आहे. मग पुढचा बहुतेक मजकूर तुमच्या कामाचा नाही. इंकस्केपमधलं Trace Bitmap वापरून पाहता येईल, पण नेहमीच्या पद्धतीने ते रेषेला रेषा मानत नाही, काळा पट्टा मानतं आणि त्याच्या दोन्ही कडा काढून देतं. अक्षरांचे तर ठिपके होतात. पंधरा-वीस घटकांची आकृती असेल तर स्कॅन खालच्या थरात ठेवून, तो कुलूपबंद करून, वरून गिरवलेली बरी. माझ्या अनुभवात ट्रेस केलेलं साफ करायला गिरवण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

पान वेगळं काढून उघडा

```
pdfseparate -f 12 -l 12 ahval.pdf pan-%d.pdf
```

आता pan-12.pdf इंकस्केपमध्ये उघडा. आयात करतानाची खिडकी दिसेल. तिथे Poppler/Cairo import असा एक पर्याय असतो. तो घेतला तर आकृती हुबेहूब दिसते, पण प्रत्येक अक्षर नुसता आकार होऊन येतं, त्यात टंकन करता येत नाही. आपल्याला बदल करायचाय, म्हणून इंकस्केपची स्वतःची आयात निवडा आणि मजकूर मजकूर म्हणूनच ठेवा. कदाचित अक्षरं थोडी विस्कटलेली दिसतील. ती तशी का दिसतात ते पुढे येईलच.

गट आणि कात्र्या सोडवा

आलेलं सगळं गटांच्या आत गटांत गुंडाळलेलं असतं. शिवाय बऱ्याच गटांवर क्लिप लावलेली असते, म्हणजे ‘या चौकटीबाहेरचं दाखवू नकोस’ अशी अदृश्य कात्री. एखादी वस्तू सरकवल्यावर ती अर्धीच दिसायला लागली, तर समजा, कात्री अजून शाबूत आहे.

इथे क्रम महत्त्वाचा. आधी Object > Clip मधून Release करा आणि मगच Ctrl+Shift+G ने गट मोडा. उलट केलंत तर गटावरची एक कात्री आतल्या प्रत्येक वस्तूवर जाऊन बसते आणि एकाच्या जागी चाळीस सोडवत बसावं लागतं. कात्री सोडवल्यावर तिची चौकट रंगाविना कागदावर उरते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण निवडताना मध्ये येते. Ctrl+5 दाबत राहिलं की दाखवण्याचा प्रकार बदलतो. नुसत्या बाह्यरेषा दिसणाऱ्या प्रकारात या उरलेल्या चौकटी लगेच सापडतात, त्या पुसून टाका.

त्याच प्रकारात पांढऱ्या पट्ट्याही दिसतील. पानाच्या मागची मोठी पांढरी पाटी बिनधास्त काढा. लहान पट्ट्यांशी मात्र जपून. आमच्या आकृतीत एक पाइप दुसऱ्यावरून जातो तिथे खालचा पाइप तुटलेला दाखवला होता, पण प्रत्यक्षात तो अखंडच होता आणि त्या जागी एक पांढरा तुकडा ठेवलेला होता. Select Same > Fill Color ने सगळं पांढरं निवडून एका फटक्यात उडवलं, तर दोन्ही पाइप एकमेकांना जोडल्यासारखे दिसू लागतात. आकृतीचा अर्थच बदलला, आणि दिसायला सगळं ठीकठाक!

आकृतीव्यतिरिक्त पानावरचा मजकूर काढून टाका, उरलेलं सगळं निवडा आणि Ctrl+Shift+R दाबा. कागद आकृतीच्या मापाचा होतो.

रेषा: इथेच खरा वेळ जातो

एखाद्या पाइपवर क्लिक करा आणि खाली डाव्या कोपऱ्यात Fill आणि Stroke काय दाखवतंय ते पाहा. Stroke ला काळा रंग आणि जाडी दिसली तर नशीब चांगलं, ती खरी रेषा आहे. Fill काळं आणि Stroke नाही असं दिसलं, तर ती रेषा नसून बारीक, काळा भरलेला आयत आहे. काही प्रोग्राम पीडीएफ करताना रेषांचे असे पट्टे करून टाकतात. अशा पाइपची जाडी बदलता येत नाही, आणि ताणला तर टोकं विचित्र होतात. त्यावर उपाय एकच: पेनचं साधन घ्या, स्नॅपिंग चालू ठेवा, पट्ट्याच्या मधोमध नवी रेषा काढा आणि पट्टा पुसा. आमच्याकडे असे सहा पाइप निघाले, काम फारसं नव्हतं. दोनशे निघाले असते तर अख्खी आकृतीच नव्याने काढायला घेतली असती.

वळण घेणारा पाइप कधी दोन-तीन तुकड्यांत येतो. तुकडे निवडून Ctrl+K ने एकत्र करा, N दाबून नोडचं साधन घ्या, जुळणारी दोन टोकं चौकट ओढून निवडा आणि Shift+J दाबा. कोपरा सांधला की रेषा एकसंध होते. जोडलं नाही तर जाडी वाढवल्यावर कोपऱ्यात खाच दिसते.

तुटक रेषा तपासा. नीट आली तर ती एकच रेषा असते आणि तुटकपणा तिच्या शैलीत असतो. पण हद्दीच्या रेषेचा एक डॅश सरकवल्यावर तेवढाच हलला, तर शेकडो सुटे तुकडे आहेत. ते जोडत बसू नका. एक आयत काढा, Ctrl+Shift+F उघडून Stroke style मध्ये डॅशचा नमुना निवडा आणि जुने तुकडे फेकून द्या.

बाणाचं टोक म्हणजे रेषेच्या शेवटी ठेवलेला सुटा, भरलेला त्रिकोण. पाइप फिरवायचा असेल तर त्रिकोण पुसून त्याच Stroke style मधून रेषेला मार्कर लावा, म्हणजे दिशा आपोआप बदलते. पंपाचं वर्तुळही वर्तुळ नसतं. पीडीएफमध्ये वर्तुळाची आज्ञाच नाही, म्हणून ते सहसा चार बेझिए वक्रांचं येतं. त्याला हात लावायची गरज सहसा पडत नाही, तसंच राहू द्या.

तिसऱ्या व्हॉल्व्हसाठी नवं काही काढू नका. आधीच्या व्हॉल्व्हचे सगळे भाग निवडून Ctrl+G ने गट करा आणि Ctrl+D ने प्रत घ्या. आकार वाढवावा लागला तर निवडीच्या साधनपट्टीवर रेषेची जाडीही प्रमाणात बदलण्याचं बटण असतं, ते बंद ठेवा. नाहीतर नव्या व्हॉल्व्हच्या रेघा इतरांपेक्षा जाड दिसतील.

लेबलं

अक्षरं विस्कटतात त्याचं कारण फाइलमध्ये शब्द असा साठवलेला असतो:

```
[(V) 80 (alve)] TJ
```

मधला 80 हा आकडा पुढची अक्षरं किंचित डावीकडे ओढतो, टंकाच्या आकाराच्या हजारांश भागांत. आयातीनंतर ही अंतरं लेबलात राहतात. एखादं अक्षर बदललं की बाकीची भलतीकडे पसरतात. इंग्रजीतच राहणाऱ्या लेबलांसाठी Text > Remove Manual Kerns वापरून पाहा, बहुतेकदा शब्द वळणावर येतो. दुसरी अडचण फॉन्टची. पीडीएफमध्ये सहसा फॉन्टची वापरलेली अक्षरंच भरलेली असतात. `pdffonts pan-12.pdf` चालवलं की sub या स्तंभात yes दिसेल. तो फॉन्ट तुमच्या संगणकावर नसेल तर इंकस्केप दुसरा घेणार आणि शब्दाची रुंदी बदलणार.

देवनागरी लेबलं असलेली पीडीएफ असेल तर दुरुस्तीच्या नादी लागू नका. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी येऊन बसते, जोडाक्षरं फुटतात, आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये तर इंग्रजी अक्षरांचा चिवडा मिळतो. आमच्या पंधरा लेबलांसाठी जुनी लेबलं वेगळ्या थरात टाकली, थराची अपारदर्शकता 30 टक्के केली, कुलूप लावलं आणि वरच्या थरात नवी टाइप केली. मग जुना थर पुसला.

मूळ पानाशी ताडून पाहा

```
pdftoppm -r 300 -png -f 12 -l 12 ahval.pdf mul
```

तयार झालेलं चित्र इंकस्केपमध्ये सर्वांत खालच्या थरात आणा, आकृतीवर नेमकं बसवा आणि वरचा थर दाखवा-लपवा करत एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे जा. हरवलेला बाण किंवा उडालेला पांढरा तुकडा इथेच पकडला जातो. आम्हाला दुसऱ्या व्हॉल्व्हजवळचा एक छोटा बाण सापडला, साफसफाईत तो पाटीबरोबर गेला होता.

चित्राचा थर काढा आणि फाइल इंकस्केप एसव्हीजी म्हणून ठेवा, म्हणजे थर शाबूत राहतात. दुसऱ्या प्रोग्रामला द्यायची असेल तर Plain SVG ची वेगळी प्रत करा आणि तिच्यात लेबलं निवडून Object to Path करा. समोरच्याकडे तुमचा मराठी फॉन्ट नसला तरी अक्षरं बिघडणार नाहीत. ही प्रत फक्त देण्यासाठी. पुढच्या दुरुस्त्या पहिल्या फाइलमध्येच करायच्या.