कार्यालयाने अडवलेलं डिपॉझिट

पुतणीच्या लग्नासाठी एका मंगल कार्यालयाला ५० हजार आगाऊ दिले होते. व्याह्यांच्या घरी ऑपरेशन निघालं, म्हणून साडेचार महिने आधी तारीख बदलून मागितली. मॅनेजर म्हणाले, "पावतीमागे छापलंय, रक्कम परत नाही. नवी तारीख हवी तर पुन्हा भरा."

दादा फोनवर भांडून दमला. वहिनीने मात्र अनोळखी गिऱ्हाईक बनून आमच्या जुन्या तारखेची चौकशी केली. उत्तर आलं, "बुक झालंय." भर मुहूर्ताची तारीख, जाणारच होती!

मग पत्र लिहिलं. त्यात पावती क्रमांक, बदल मागितल्याचा दिवस आणि एकच मुद्दा: भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम ७४नुसार भरपाई वाजवी हवी. तारीख पुन्हा विकली गेली, तर तुमचं नुकसान किती झालं ते हिशेबासह कळवा. उरलेली रक्कम १५ दिवसांत द्या, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करू. पावती आणि व्हॉट्सॲप संदेशांच्या प्रती जोडून स्पीड पोस्टाने पाठवलं.

बाराव्या दिवशी ४५ हजार जमा झाले. पाच हजार 'ऑफिस खर्च' म्हणून कापले. ते सोडून दिले. तारीख रिकामी राहिली असती, तर आमची बाजू बरीच लंगडी पडली असती.