उलट्या होत असताना पाणी कसे पाजावे : या चुका टाळा

तीन वर्षांचे, साधारण 12 किलो वजनाचे मूल सकाळपासून चार वेळा ओकले आहे आणि त्याला दोनदा पातळ जुलाब झाले आहेत. तहानेने ते पाणी मागते, आई पेलाभर पाणी देते, मूल ते घटाघटा पिते आणि पाच मिनिटांत पुन्हा ओकते. त्यावरून ‘पोटात काहीच ठरत नाही’ असा निष्कर्ष काढून पाणी देणेच बंद केले जाते. माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान याच चुकीमुळे होते, कारण इथे पाणी वर्ज्य नव्हते, एका वेळी दिलेले प्रमाण जास्त होते.

उलटी झाल्यावर दहा मिनिटे थांबावे आणि मग ओआरएसचा एक छोटा चमचा, म्हणजे सुमारे 5 मिली, दर दोन मिनिटांनी द्यावा. हे प्रमाण क्षुल्लक वाटते, पण तासाभरात 150 मिली पोटात जाते. ते टिकले की दर मिनिटाला एक चमचा करता येतो. तोंड कोरडे पडणे, डोळे खोल जाणे अशी शोष पडल्याची लक्षणे असतील तर पहिल्या चार तासांत किलोमागे 75 मिली, म्हणजे या मुलाला 900 मिली ओआरएस लागते. मात्र अशा मुलाला डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ते द्यावे. त्यानंतर प्रत्येक जुलाबामागे 100 ते 200 मिली द्यावे. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध बंद करू नये.

दुसरी चूक द्रावण बनवताना होते. एक लिटरच्या पुडीतली थोडी पूड अंदाजाने पेल्यात टाकली की मीठ-साखरेचे प्रमाण बिघडते; द्रावण दाट झाले तर जुलाब वाढू शकतात आणि रक्तातले मीठही वाढू शकते. पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात पूर्ण पुडी एकाच वेळी विरघळवावी, वरून साखर घालू नये आणि 24 तासांनी उरलेले द्रावण टाकून द्यावे. खोक्यातला फळांचा रस किंवा थंड पेय ओआरएसची जागा घेत नाही.

प्रौढांना नुसता ताप असेल तर पाणी, पेज, ताक, वरणाचे पाणी थोड्या थोड्या वेळाने पुरते. लघवी फिकट रंगाची आणि नियमित होत असेल तर पिणे पुरेसे आहे असे समजावे. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

ताप उतरला म्हणजे धोका टळला, असे डेंग्यूत समजू नये. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी ताप उतरतानाच पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा बेचैनी दिसली तर त्वरित रुग्णालय गाठावे. सहा ते आठ तास लघवी न होणे, रडताना अश्रू न येणे, मूल सुस्त होणे किंवा पिण्यास नकार देणे, हिरवी उलटी आणि शौचातून रक्त यांपैकी काहीही दिसले, किंवा तीन महिन्यांखालील बाळाला ताप आला, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.