भुवईच्या तीन सेंटीमीटर वर गेलेली फ्रिंज

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेआधी, जानेवारीत पार्लरमध्ये कपाळावर फ्रिंज कापून घेतली. ओले केस ताणून, भुवईला टेकतील असे कापले. ओला केस ताणला की लांबतो, वाळला की आखडतो. त्यात माझ्या कपाळावर उजवीकडे भोवरा आहे. घरी येऊन केस वाळले तेव्हा फ्रिंज भुवईच्या तीन सेंटीमीटर वर, उजवी बाजू तर उभीच! मी रडले.

आई म्हणाली, "आता परत कात्री लावू नकोस गं." तिचंच बरोबर होतं. सारखं करायला गेलं की अजून आखूड होतं.

भोवरा बसवायचा तर केस ओले असतानाच. वाळल्यावर कितीही दाबा, उठतोच. मी मुळाशी पाणी लावायचे, मग ड्रायर वरून खाली धरून केस कंगव्याने आधी डावीकडे, मग उजवीकडे ओढत वाळवायचे. दोन्हीकडे ओढल्याने मुळाचा कल मोडतो. कॉलेजला जाताना भांग बाजूला पाडून, मागचे थोडे लांब केस फ्रिंजमध्ये घेऊन पीळ द्यायचा आणि कानामागे काळी पिन. पिनेची नागमोडी बाजू डोक्याकडे ठेवायची, तरच आखूड केस धरले जातात.

केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. एप्रिलमध्ये फ्रिंज भुवईला टेकली. तेव्हा दुसऱ्या पार्लरमध्ये, कोरड्या केसांवर, फक्त कडा तिरक्या करून घेतल्या. आता ती बाजूला वळते.